एका गाण्याचे तीन लेखक आणि एक न झालेली सही : ॲलन फ्रीडचं पेओला प्रकरण

१९५५ चा मे महिना, शिकागो. चेस रेकॉर्ड्स ही दोन भावांची छोटी कंपनी, आणि तिथे सेंट लुईसहून आलेल्या चक बेरी नावाच्या गिटारवाल्याने एक गाणं रेकॉर्ड केलं, 'मेबेलीन'. गाणं त्याचंच, गाडीची रेस आणि हातातून निसटणारी पोरगी, बस. पण जुलैमध्ये रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा हक्कांच्या कागदावर लेखक म्हणून तीन नावं होती. चक बेरी, रस फ्रॅटो आणि ॲलन फ्रीड. फ्रॅटो हा चेस भावांच्या धंद्यातल्या ओळखीचा माणूस, त्याचा गाणी लिहिण्याशी काडीचा संबंध नाही. आणि ॲलन फ्रीड हा न्यूयॉर्कच्या विन्स स्टेशनवरचा डिस्क जॉकी, त्याने गाण्याची एक ओळ लिहिली नव्हती. बेरीला स्वतःला हे नंतर कळलं, पैशाचा हिशोब हातात आला तेव्हा.

रेडिओवर गाणं लावायला डीजेला दिलेली लाच म्हणजे पेओला, आणि तो म्हटला की बहुतेकांच्या डोक्यात पाकीट येतं, म्हणजे कंपनीचा माणूस स्टुडिओच्या मागच्या दाराने येतो, रेकॉर्डच्या कव्हरमध्ये पन्नासची नोट सरकवतो आणि डीजे हसत हसत गाणं लावतो. असं होत होतंच, खोटं नाही. पण मला यातला जास्त हुशार प्रकार 'मेबेलीन'वाला वाटतो, कारण इथे पाकीट नाही, नोट नाही, सगळं कागदोपत्री एकदम स्वच्छ. म्हणून आधी हा हिशोब बघू, पुढचं सगळं प्रकरण त्याच्याशिवाय नीट कळत नाही.

अमेरिकेत रेकॉर्ड विकली गेली की गाण्याच्या हक्कांपोटी कायद्याने ठरलेला दर होता, एका गाण्याला एका प्रतीमागे दोन सेंट. १९०९ पासून तोच दर, ५५ सालीही तोच. यातला साधारण अर्धा पब्लिशरला आणि अर्धा लेखकाला. आता समजा एखादी रेकॉर्ड दहा लाख खपली (आकडा हिशोबापुरता घेतोय), तर हक्कांचे झाले वीस हजार डॉलर, त्यातले दहा हजार लेखकाचे. लेखक एकटा असेल तर दहा हजार त्याचे. तीन असतील तर प्रत्येकी तीन हजार तीनशेच्या आसपास. म्हणजे बेरीच्या खिशातून सहा हजार सहाशे गेले आणि चेस कंपनीच्या खिशातून शून्य! कंपनीने डीजेला जे दिलं ते स्वतःचं नव्हतंच, कलाकाराचं होतं. आणि अजून एक बारकी गोष्ट, रेडिओवर गाणं वाजलं की त्याचे पैसे तिकडे गायकाला किंवा रेकॉर्ड कंपनीला मिळत नाहीत, फक्त लेखकाला आणि पब्लिशरला मिळतात. म्हणजे लेखक म्हणून नाव लागलेला डीजे गाणं जितक्यांदा लावेल तितक्यांदा त्याचा स्वतःचा गल्ला वाढतो. एकदा पाकीट दिलं तर माणूस आठवडाभर गाणं लावेल आणि विसरेल, पण गाण्यात वाटा दिला तर तो स्वतःहून लावत राहील, त्याला आठवण करून द्यायला माणूस पाठवायला नको. फ्रीडने 'मेबेलीन' जोरात वाजवलं, गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत एक नंबरला गेलं आणि गोऱ्यांच्या पॉप यादीत पाचपर्यंत चढलं.

आता हा फ्रीड कोण, तर साधा लाचखाऊ म्हणून सोडून देता येईल असा माणूस नव्हता तो. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडला होता, तिथल्या रेकॉर्डच्या दुकानाच्या मालकाने, लिओ मिंट्झने, त्याला सांगितलं की गोरी पोरं माझ्याकडे येऊन काळ्या कलाकारांच्या रेकॉर्ड घेतायत, तू त्या लाव. फ्रीडने रात्री 'मूनडॉग' नावाने शो सुरू केला आणि या संगीताला 'रॉक अँड रोल' म्हणायला लागला. शब्द त्याने शोधला नव्हता, पण पोरांच्या तोंडी त्याच्यामुळे रुळला. मार्च १९५२ मध्ये त्याने क्लीव्हलंड अरीनात कार्यक्रम ठेवला तर हॉलमध्ये माणसं मावेनात, दारं तुटली, पोलिसांनी कार्यक्रम सुरू झाल्या झाल्याच बंद पाडला. ५४ साली न्यूयॉर्कला गेला. त्या काळात काळ्या गायकाचं गाणं हिट होतंय असं दिसलं की मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकाकडून गुळगुळीत करून गाऊन घ्यायची आणि स्टेशनं ते गुळगुळीत वाजवायची. फ्रीड मूळ गाणं वाजवायचा. हे त्याचं खरं काम, आणि याच माणसाने चक बेरीच्या ताटातला घास उचलला हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं.

डीजेच्या हातात एवढी ताकद आली कुठून

हे थोडक्यात सांगतो. टीव्ही आला आणि रेडिओवरची नाटकं, विनोदी कार्यक्रम, मोठे प्रायोजक सगळे तिकडे पळाले. स्टेशनांकडे उरला रिकामा वेळ, आणि तो भरायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे एक माणूस आणि रेकॉर्डची थप्पी. त्याच सुमाराला ४५ आरपीएमची छोटी तबकडी आली, ती काढायला खर्च कमी, त्यामुळे कोणीही उठून रेकॉर्ड कंपनी काढायला लागला. स्टेशनवर आठवड्याला शेकडो नवीन रेकॉर्ड येऊन पडायच्या आणि बाजूला ठेवायच्या की लावायच्या हे ठरवणारा एकटा डीजे, त्याचा पगार बेताचा. एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला एकच सुई. अशा ठिकाणी पैसे फिरणार नाहीत तर काय होणार. तसा प्रकार जुनाच होता म्हणा, रेडिओ नव्हता तेव्हासुद्धा शीट म्युझिक छापणारे नाटक कंपन्यांच्या गायकांना आमचं गाणं गा म्हणून पैसे द्यायचे. पेओला हा शब्दही रॉक अँड रोलच्या आधीचा, 'पे' म्हणजे पैसे देणं आणि त्याला व्हिक्ट्रोलाचं शेपूट, व्हिक्ट्रोला म्हणजे तेव्हाचा घराघरातला फोनो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अमेरिकेत तेव्हा देशपातळीवर याविरुद्ध कायदाच नव्हता. त्यामुळे बरेच डीजे हे पैसे चेकने घ्यायचे, इन्कम टॅक्सच्या कागदात दाखवायचे आणि त्याला नावं द्यायचे 'सल्ला फी', 'ऐकण्याची फी'. ऐकण्याची फी म्हणजे कंपनी रेकॉर्ड पाठवणार आणि डीजे ती ऐकून 'चालेल की नाही' हे सांगणार, त्याचे पैसे. आता ज्याला ऐकायचे पैसे मिळतात तो ऐकून झाल्यावर ती लावणार नाही का? पुढे तपासणाऱ्यांना हे प्रकरण उघडायला सोपं गेलं ते यामुळेच. मागच्या दाराचं पाकीट सापडत नाही, पण चेक सापडतो. कंपनीच्या वह्यांमधून चेकच्या तारखा काढायच्या, स्टेशनच्या यादीतून गाणी कधी किती वेळा लागली ते काढायचं, आणि दोन कागद शेजारी ठेवायचे. फी सुरू झाली त्या आठवड्यात त्या कंपनीची गाणी वाढली आणि फी थांबल्यावर आटली असं दिसलं की सल्ला कसला होता ते कळतं.

१९५९ चा नोव्हेंबर

वातावरण आधीच तापलेलं होतं. टीव्हीवरच्या क्विझ शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच सांगितली जायची हे बाहेर आलं होतं, चार्ल्स व्हॅन डोरेन नावाच्या लाडक्या विजेत्याने नोव्हेंबरच्या सुरुवातीला संसदेच्या उपसमितीसमोर कबुली दिली होती. उपसमितीचे अध्यक्ष आर्कान्साचे ओरेन हॅरिस. क्विझ संपलं, आता पुढे काय, तर रेडिओ. आणि ढकलणारेही तयार होते. गीतकार-संगीतकारांची जुनी संघटना ॲस्कॅप, आणि तिच्याशी भांडण असलेली, रेडिओवाल्यांनी उभी केलेली बीएमआय. रॉक अँड रोल आणि ब्लूजवाले बहुतेक बीएमआयकडे. ॲस्कॅपच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं, की हा आवाज लोकांना आवडतोच कसा, कोणीतरी पैसे देऊन वाजवतंय म्हणूनच चालतोय. यात लाचेची चीड किती आणि धंदा बुडाल्याचं दुःख किती हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते दुसरं जास्त होतं, कारण त्यांच्याच जुन्या पिढीने गाणी खपवायला हेच केलं होतं.

फ्रीड तोवर विन्स सोडून एबीसी या देशभरच्या रेडिओ-टीव्ही कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूएबीसी स्टेशनवर आला होता. ५८ साली बॉस्टनच्या कार्यक्रमात मारामारी झाली, दंगल भडकावल्याचा ठपका त्याच्यावर आला, स्टेशन पाठीशी उभं राहिलं नाही म्हणून त्याने विन्स सोडलं होतं. टीव्हीवर वेगळ्या चॅनलवर त्याचा नाचाचा शोही होता. नोव्हेंबर ५९ मध्ये एबीसीने आपल्या डीजेंसमोर एक कागद ठेवला, की मी गाणं लावण्यासाठी कधीही पैसे किंवा भेट घेतलेली नाही, यावर सही कर. फ्रीड म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे, मी सही करणार नाही. तत्त्व वगैरे ठीक आहे हो, पण सही केली असती तर खोटं प्रतिज्ञापत्र झालं असतं हे त्यालाही माहीत होतं. २१ नोव्हेंबरला एबीसीने त्याला काढलं, पुढच्या काही दिवसांत टीव्हीचा शोही गेला. शेवटच्या शोला स्टुडिओतली पोरं रडत होती.

आता याच एबीसीकडे अजून एक माणूस होता. फिलाडेल्फियाहून 'अमेरिकन बँडस्टँड' करणारा डिक क्लार्क, वय तिशीच्या आसपास, भांग नीट, सूट नीट, आईबापांना आवडेल असा. १९५७ पासून त्याचा शो देशभर दिसत होता आणि एबीसीला भरपूर कमवून देत होता. क्लार्कचा वाटा कशात होता? तर ३३ कंपन्यांमध्ये. गाणी छापणाऱ्या कंपन्या, रेकॉर्ड कंपन्या, रेकॉर्ड तयार करणारा कारखाना, वितरण, कलाकारांचं व्यवस्थापन. म्हणजे गाणं लिहिलं गेल्यापासून पोरांच्या हातात रेकॉर्ड पडेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर त्याचा हात. १६२ गाण्यांचे हक्क त्याच्याकडे होते आणि त्यातली १४३ लोकांनी त्याला नुसती देऊन टाकली होती. इतके दानशूर लोक एकाच माणसाला कसे भेटतात कोण जाणे!

एबीसीने क्लार्कला सांगितलं, एक तर हे धंदे सोड नाहीतर शो सोड. त्याने धंदे सोडले, शो ठेवला. आणि प्रतिज्ञापत्र? त्याच्यासाठी मजकूर वेगळा होता. त्यात पेओलाची व्याख्या अशी अरुंद केलेली की ठराविक गाणं लावण्याच्या बदल्यात पैसे घेण्याचा सौदा म्हणजे पेओला. त्या व्याख्येत ३३ कंपन्या बसतच नाहीत. गंमत म्हणजे त्या मजकुरावर कदाचित फ्रीडलाही सही करता आली असती, आणि उपसमितीसमोर एप्रिल ६० मध्ये बंद खोलीत साक्ष दिली तेव्हा एबीसीने दोघांना दोन मापं लावली हा त्याचा मुख्य राग होता.

क्लार्कच्या साक्षीतला एक तुकडा इथे सविस्तर देतो, कारण पेओला कसा ओळखायचा आणि तो सिद्ध करणं का अवघड हे त्यातच दिसतं. 'सिक्स्टीन कँडल्स' नावाचं गाणं, द क्रेस्ट्स या ग्रुपचं. हक्क क्लार्ककडे यायच्या आधी दहा आठवड्यांत त्याने ते चार वेळा लावलं. हक्क त्याच्या कंपनीकडे आले आणि पुढच्या तीन महिन्यांच्या आतच ते सत्तावीस वेळा लागलं. बघायला सरळ वाटतं ना, पण क्लार्कच्या बाजूचा युक्तिवाद असा की गाणं मध्यंतरी लोकप्रिय झालं होतं, लोक मागत होते म्हणून लावलं. त्याने त्यासाठी आकडेतज्ज्ञही आणला, आणि त्या आकडेवारीचं सार असं की क्लार्कचा वाटा असलेली गाणी जेवढी लोकप्रिय होती साधारण तेवढीच लावली गेली, त्याने काही झुकतं माप दिलं नाही. आता यातली गोम लक्षात घ्या. ती गाणी लोकप्रिय झाली कशामुळे? देशभरातली पोरं रोज दुपारी शाळेतून येऊन ज्या शोसमोर बसतात त्यात लागली म्हणून. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांचं शेपूट धरून गोल फिरतायत, आणि त्यावरून निष्कर्ष काय तर सगळं व्यवस्थित. समितीतल्या काही सदस्यांनीही यावर बोट ठेवलं. पण सौदा सिद्ध झाला नाही, सौदा करायची गरजच नव्हती. स्वतःच्या शेतातला भाजीपाला स्वतःच्या दुकानात ठेवणाऱ्याला लाच कोण देणार. क्लार्कने शेवटपर्यंत सांगितलं की मी पेओला घेतला नाही, आणि हॅरिस साहेबांनी जाता जाता तू चांगला मुलगा आहेस, ही पद्धत काही तू काढलेली नाहीस अशा अर्थाचं बोलून त्याला मोकळं केलं.

फ्रीडला १९ मे १९६० ला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, सोबत आणखी काही रेडिओवाले. आरोप, रेकॉर्ड कंपन्यांकडून ३०,६५० डॉलर घेतल्याचा. आणि कलम कोणतं तर न्यूयॉर्क राज्याचं व्यापारी लाचेचं कलम, देशाचा कायदा नव्हताच ना. या कलमाचा गाभा असा की नोकराने मालकाच्या संमतीशिवाय बाहेरच्याकडून पैसे घेतले तर गुन्हा. म्हणजे कायद्याच्या नजरेत फसवला गेला तो स्टेशनमालक! ऐकणारा यात कुठेच नाही, आणि चक बेरी तर नाहीच नाही. मालकाला माहीत असून त्याची संमती असती तर याच पैशांना गुन्हा म्हणता आलं नसतं. 'मेबेलीन'चा तिसरा हिस्सा या आरोपात येऊच शकत नव्हता, कारण तो कागदावर लेखकाचा मेहनताना होता.

फ्रीडचं सुरुवातीपासून म्हणणं होतं की मी गाणं लावायचे पैसे घेत नाही, आवडलेलं गाणं चाललं आणि नंतर कोणी काही दिलं तर ती भेट. यावर ॲटलांटिक रेकॉर्ड्सचे जेरी वेक्सलर नंतर सांगायचे तो किस्सा पुरेसा आहे. त्यांची कंपनी फ्रीडला दरमहा ठराविक पैसे द्यायची, एकदा हात तंगीत होता म्हणून थोडे महिने सांभाळून घे म्हणाले, तर फ्रीडने नाही म्हटलं आणि त्यांच्या रेकॉर्ड लावणं बंद केलं. भेट दर महिन्याला येते आणि चुकली की गाणं बंद होतं, तर आपल्याकडे तिला हप्ता म्हणतात.

डिसेंबर १९६२ मध्ये त्याने दोन आरोप मान्य केले. शिक्षा, ३०० डॉलर दंड आणि सहा महिन्यांची स्थगित कैद. हो, तीनशेच. पण मोठ्या स्टेशनची दारं बंद झाली ती झालीच, लॉस एंजेलिस, मायामी असं फिरला, दारू वाढली. ६४ साली इन्कम टॅक्सवाले आले, १९५७ ते ५९ चे सदतीस हजारांवर डॉलर बाकी म्हणून. म्हणजे ज्या पैशांसाठी नोकरी गेली त्याच वर्षांच्या कमाईचा कर. खटला पूर्ण व्हायच्या आत २० जानेवारी १९६५ ला पाम स्प्रिंग्सला वारला, वय ४३.

कायदा झाला, मग काय बदललं

सप्टेंबर १९६० मध्ये आयझेनहॉवरने सही केली आणि देशाचा कायदा आला, दंड दहा हजार डॉलरपर्यंत आणि एक वर्षापर्यंत कैद. पण लोक इथे एक गोष्ट चुकीची समजतात. पैसे घेऊन गाणं वाजवणं त्या कायद्याने बंद केलेलं नाही. पैसे घेतले हे लपवणं बंद केलं. स्टेशनने गाण्याआधी स्पष्ट सांगितलं की हे गाणं अमुक कंपनीने पैसे देऊन लावलंय, तर चालतं. अर्थात कोण सांगणार, कारण सांगितलं की गाण्याची किंमतच जाते, हिट म्हणून ऐकणारा जाहिरात म्हणून ऐकायला लागतो.

आणि स्टेशनमालकांनी काय केलं तर गाणी निवडायचं काम डीजेंच्या हातातून काढून घेतलं आणि प्रोग्राम डायरेक्टर नावाच्या एका माणसाकडे दिलं, म्हणजे लाच घेणारे हात कमी. पण कंपन्यांच्या दृष्टीने बघा, आधी एका शहरात दहा डीजे सांभाळायला लागायचे, आता स्टेशनमागे एकच माणूस. काम सोपं झालं! ऐंशीच्या दशकात कंपन्या आणि प्रोग्राम डायरेक्टर यांच्यामध्ये 'स्वतंत्र प्रमोटर' उभे राहिले, कंपनी त्यांना बिलावर पैसे देणार, पुढे ते काय करतात ते आम्हाला माहीत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी सोनी बीएमजीचे ईमेल बाहेर काढले आणि कंपनीने एक कोटी डॉलर भरून मिटवलं. तेव्हाही सापडलं ते कागदामुळेच, फरक इतकाच की चेकच्या जागी ईमेल.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांचं म्हणणं असं होतं की पेओला बंद करायची घाई मोठ्यांनाच होती, कारण ज्यांच्याकडे वितरणाचं जाळं नाही अशा छोट्या कंपन्यांना दारातून आत यायचा तो एक रस्ता होता. चेस कंपनीकडे बघितलं तर हे पटतं, शिकागोच्या दोन भावांकडे न्यूयॉर्कचं दार उघडायला दुसरं काय होतं. पण मग त्या दाराचं भाडं चक बेरीने का भरायचं, याचं उत्तर कोझ यांच्या हिशोबात मला सापडत नाही.

१९८६ च्या जानेवारीत रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिली तुकडी दाखल झाली. त्यात चक बेरी होता आणि त्याच तुकडीत, मरून एकवीस वर्षं झालेला ॲलन फ्रीडही होता. त्याच वर्षी 'मेबेलीन'च्या लेखकांमधून दोन नावं निघाली आणि एकतीस वर्षांनी ते गाणं एकट्या बेरीचं झालं.